झाड पडलं, स्कूटर गेली, आणि पॉलिसी तर अजून तीन वर्षं चालू आहे म्हणे. अर्थमंत्री मॅडमना खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री, भारत सरकार
(प्रत: मा. अध्यक्ष, विमा नियामक प्राधिकरण)

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी गोरेगावात राहतो आणि गाड्यांच्या इन्शुरन्सचं एजंट म्हणून काम करतो. मुंबईत पावसाळा लागला की माझ्याकडे झाड पडल्याचे फोन सुरू होतात. मी पॉलिसीचा फोटो मागवतो, आणि स्कूटर असेल तर बऱ्याच वेळा मला त्या माणसाला सांगावं लागतं की काका, तुम्हाला यातून एक रुपयाही मिळणार नाही. पॉलिसी चालू असते, हप्ता भरलेला असतो, तरीही. हे पत्र त्याबद्दलच आहे.

या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये गुलमोहर आडवा झाला. बुंध्याला चारही बाजूंनी पेव्हर ब्लॉक अगदी चिकटवून बसवलेले, मुळांना पसरायला जागाच नव्हती, आणि उपटून आलेला मुळांचा गड्डा बघितला तर एवढ्या झाडाला तो फारच लहान होता. खाली एक कार आणि एक स्कूटर, दोन्ही नीट आपापल्या जागी लावलेल्या. झाड तेच, वेळ तीच, पण पुढे दोघांचं जे झालं त्यात जमीन-अस्मानाचा फरक.

कारवाल्या शेजाऱ्याची पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानासाठीची थर्ड पार्टीही आहे आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानासाठीचं ओन डॅमेजही, ज्याला आम्ही ओडी म्हणतो. झाड पडणं ओडीमध्ये बसतं, वादळाने पडलं तरी आणि वारा नसताना नुसतं कोसळलं तरी, कारण बाहेरून अचानक झालेला आघात त्यात धरलेला असतो, आणि गाडी रस्त्यावर उभी होती की कंपाउंडमध्ये याने काही फरक पडत नाही. मी त्यांना सांगितलं की फांदी कापायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, नंबर प्लेट आणि झाड एकाच फोटोत आलं पाहिजे, मग पालिकेच्या 1916 हेल्पलाइनला फोन करा, त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नका. गाडी सहा वर्षांची, इंजिन 1500 सीसीच्या आतलं. बिल झालं 70,000 रुपये. पुढची काच 8,000, ती पूर्ण मिळाली कारण काचेला घसारा, म्हणजे गाडीच्या वयानुसार होणारी कपात, लागत नाही. बंपर प्लास्टिकचा, 6,000, त्यातले निम्मे. छप्पर आणि बॉनेटचा पत्रा 30,000, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला पत्र्यावर 40 टक्के कापतात म्हणून 18,000. रंगकाम 16,000, त्यात पाव भाग मटेरियलचा धरून त्याचे निम्मे कापतात म्हणून 14,000. मजुरी 10,000 पूर्ण. झाले 53,000, त्यातून मालकाने सक्तीने स्वतः सोसायचे 1,000 वजा, हातात 52,000. खिशातून 18,000 गेले आणि पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तीही जाणार, पण माणूस सावरला.

स्कूटर दुसऱ्या विंगमधल्या ताईंची. नोकरीला स्टेशनपर्यंत त्यावरच जातात. हँडल वाकलेलं, पुढचा फोर्क गेला, चेसिसला बाक आला. त्यांनी मला पॉलिसी दाखवली, वर मोठ्या अक्षरात पाच वर्षांनंतरची तारीख, गाडी घेऊन दोनच वर्षं झालेली. त्या म्हणाल्या, "दादा, अजून तीन वर्षं आहेत ना?" आहेत, पण फक्त थर्ड पार्टीची. म्हणजे त्यांच्या स्कूटरने दुसऱ्या कोणाचं नुकसान केलं तर कंपनी भरेल. त्यांच्या स्वतःच्या स्कूटरचं ओडी पहिल्या वर्षालाच संपलं होतं.

मॅडम, ही एकट्या ताईंची गोष्ट नाही, ही रचनाच तशी आहे. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर सप्टेंबर 2018 पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांची आणि नवीन कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते, आणि ते चांगलंच झालं, अपघातात सापडलेल्या माणसाला त्याचा आधार आहे. पण त्याच्यासोबत शोरूममध्ये ओडी मिळतं ते साधारण एका वर्षाचं. कागदावर दोन्ही तारखा असतात, नाही असं नाही, पण इंग्रजीत, बारीक चौकटीत, आणि लोकांच्या डोक्यात राहते ती लांबची तारीख. पुढे कोणी आठवणही करून देत नाही. ट्रॅफिक हवालदार थर्ड पार्टी बघतो, ती चालू असते, चलान फाटत नाही. रिन्यूअलचा मेसेज बऱ्याचदा मालकाला जातच नाही कारण शोरूमवाल्याने फॉर्मवर स्वतःचाच नंबर टाकलेला असतो, असे फॉर्म मी स्वतः पाहिलेत. 2019 पासून नुसतं ओडी वेगळं, अगदी दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येतं, पण ते घ्यायचं असतं हेच माहीत नसेल तर त्या सोयीचा काय उपयोग.

मग ताईंनी भरपाई मागायची कोणाकडे? सोसायटी म्हणते आमच्या पॉलिसीत मेंबरांच्या गाड्या येत नाहीत, आणि झाडाला आम्ही परवानगीशिवाय हात लावू शकत नाही. पालिका म्हणते झाड खासगी जागेतलं, छाटणीची जबाबदारी सोसायटीची. दोघांचंही म्हणणं कागदावर बरोबर आहे, 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याने झाड तोडायला परवानगी लागतेच. कोणाचा निष्काळजीपणा होता हे सिद्ध करायला ताईंना वकील लावून कोर्टात जावं लागेल, आणि स्कूटरच्या किमतीसाठी कोण वर्षानुवर्षं तारखा घेत बसणार? झाड धोकादायक आहे असं आधी लेखी कळवलेलं असतं तर निदान नोटीस पाठवायला काही हातात असतं, इथे तेही नव्हतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दुचाकीच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात आणि ग्राहकाच्या भाषेत एक वाक्य छापायला लावा: "तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान अमुक तारखेपर्यंतच भरून मिळेल." ओडी संपायच्या एक महिना आधी आणि संपल्यावर आठवडाभरात मालकाच्या मोबाईलवर मेसेज जायलाच हवा, आणि तो नंबर ओटीपीने मालकाचाच आहे हे पॉलिसी देतानाच तपासलेलं हवं, शोरूमचा नंबर चालणार नाही असं स्पष्ट लिहा. संपल्यानंतरच्या मेसेजचं महत्त्व मी मुद्दाम सांगतो, कारण 90 दिवसांच्या आत रिन्यू केलं तर नो क्लेम बोनस टिकतो, त्यानंतर तोही जातो.

अजून एक. झाडाच्या क्लेमला काही सर्व्हेअर पालिकेचा किंवा पोलिसांचा दाखला आणा म्हणतात, काही नुसत्या फोटोंवर काम करतात. 2021 ला तौक्ते आलं तेव्हा शहरभर झाडं पडली होती, अशा दिवशी उद्यान विभागाची माणसं फांद्या उचलणार की दाखले लिहीत बसणार? कोणाला इजा झालेली नसेल तर फोटो आणि 1916 चा तक्रार क्रमांक पुरेसा आहे, असा एकच नियम सगळ्या कंपन्यांना घालून द्या.

ताईंनी शेवटी कर्ज काढून स्कूटर दुरुस्तीला टाकली आहे. या पत्राला आपल्या खात्याकडून लेखी उत्तर मिळावं ही विनंती.

आपला,
गोरेगावचा एक विमा एजंट