सूचना: गुरुवारच्या टीबी बैठकीत आशाताईंची ओळख करून देण्याबाबत

बचत गटाच्या सर्व ताईंना नमस्कार. गुरुवारी दुपारी ३ वाजता समाजमंदिरात बैठक आहे. मागच्या वेळी ओळख करून देताना पदं आणि योजनांची नावंच वाचली गेली, मागे बसलेल्या आज्यांना काही कळलं नाही. या वेळी जी ताई ओळख करून देईल, तिने कागद न वाचता साधारण असं बोलावं:

"या आपल्या आशाताई. आपल्याच गावात राहतात. या डॉक्टर नाहीत, सुई टोचत नाहीत. पण कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर आधी यांना सांगा. या बेडका तपासायला डबी देतील. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, खोल खोकून छातीतला बेडका त्यात घ्यायचा. नुसती थुंकी चालत नाही. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे."

एवढं पुरे. बाकीचं ताई सांगतील, विशेषतः औषध साधारण सहा महिने चालतं आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही, हे.

एक गोष्ट मात्र पाळा. "यांच्यामुळे अमक्याचा टीबी बरा झाला" असं कौतुकानेसुद्धा बोलू नका. नाव चारचौघांत निघालं की दुसरा पेशंट ताईंना दारात उभं करत नाही. कुणाला खोकल्याबद्दल विचारायचं असेल तर बैठक संपल्यावर ताई अंगणवाडीच्या ओट्यावर थांबतील, तिथे एकेकीने जावं.