परिषदेनंतरची मेल

प्रिय बाळा,

परिषदेत भेटलेल्या इंजिनिअर मॅडमना लिहायच्या मेलचा तू काल रात्री पाठवलेला मसुदा वाचला. पाठवण्याआधी मला दाखवलास हे बरं केलंस, कारण माझ्या मते तो असाच जाऊ नये. भाषा नीट आहे, एकही चूक नाही. पण "आपल्याशी भेटून खूप आनंद झाला, चर्चा अतिशय उद्बोधक होती, भविष्यात आपल्यासोबत काम करायला आवडेल, सोबत बायोडेटा जोडत आहे" ही चारही वाक्यं त्या सभागृहातल्या कोणालाही पाठवता आली असती. त्या मॅडमशी तू चहाच्या वेळात वीस मिनिटं बोललीस, त्या बोलण्याचा एकही शब्द मेलमध्ये नाही.

मी खरेदी विभागात होते तेव्हा प्रत्येक प्रदर्शनानंतरच्या सोमवारी अशा मेल यायच्या. वाचायला लागले की पहिला प्रश्न मनात यायचा, हा नक्की कोण? दिवसभरात भेटलेली माणसं, हातात आलेली कार्डं, सगळ्यांचं एकच मिश्रण झालेलं असायचं. चेहरा आठवायचा, पण नाव त्या चेहऱ्याला लागायचं नाही. ज्या मेलमध्ये माझंच एखादं वाक्य मला परत वाचायला मिळायचं, तो माणूस मात्र लगेच डोळ्यासमोर उभा राहायचा. समोरचा काय म्हणाला यापेक्षा आपण काय बोललो ते माणसाच्या जास्त लक्षात राहतं. म्हणून मेलमध्ये आठवण द्यायची ती तुझ्या बोलण्याची नको, त्यांच्या बोलण्याची दे.

फोनवर तू मला सांगितलंस ते मी परत आठवून पाहिलं. त्या म्हणाल्या होत्या की पुलाच्या तड्यावर त्याची रुंदी मोजणारं क्रॅक गेज लावून नुसते आकडे लिहीत राहिलं तर त्यातून काही कळत नाही. त्या क्षणी तापमान किती होतं ते शेजारी लिहिलेलं हवं. काँक्रीट उन्हात प्रसरण पावतं आणि गारव्यात आकसतं, त्यामुळे तडा वाढत नसला तरी ऋतूप्रमाणे थोडा मिटतो, थोडा उघडतो. तापमान न लिहिता काढलेली रीडिंगं बघून कोणी उगाच घाबरतं, तर कोणी खरा वाढणारा तडा ऋतूच्या नावावर सोडून देतं. हे सांगताना तुझा आवाज बदलला होता. मग हे मेलमध्ये का नाही?

आणि त्यापुढचं तर फारच मोलाचं आहे. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन तू तुमचा नोंदीचा तक्ता उघडून पाहिलास, आणि त्यात तापमानाचा रकानाच नव्हता. त्यांनी सांगितलेलं तू नुसतं ऐकलं नाहीस, त्यावर काहीतरी केलंस. मेलचा कणा हाच. नुसतं "आपण तापमानाबद्दल बोललो होतो" म्हटलंस तर ओळख पटेल आणि तिथेच थांबेल. "तुम्ही म्हणालात म्हणून तपासलं, आणि हे निघालं" असं लिहिलंस की बोलणं शनिवारी जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं.

आता काय लिहायचं नाही तेही सांगते, कारण ते जास्त नाजूक आहे. त्यांनी त्यांच्या खात्यातल्या कामाच्या रखडपट्टीबद्दल आणि एका वरिष्ठाबद्दल जे मन मोकळं केलं, त्याचा चुकूनही उल्लेख नको. "त्या दिवशी तुम्ही सांगितलेली अडचण" असा आडून केलेलाही नको. तोंडी बोललेलं तिथेच संपतं. मेल दुसऱ्याला पुढे पाठवली जाते, सहकाऱ्यासमोर स्क्रीनवर उघडी असते. शिवाय त्यांच्या आईच्या ऑपरेशनबद्दलही त्या बोलल्या होत्या ना? पुन्हा भेटलीस तर जरूर विचार, पण पहिल्या मेलमध्ये नको. अनोळखी माणसाने घरातली गोष्ट लेखी विचारली की मन जरा आखडतं, त्याचा हेतू कितीही चांगला असो.

दुसरी गोष्ट वचनांची. तुझ्या बोलण्यात दोन होती. तू त्यांना तुमच्या तड्याचा, गेज लावलेला फोटो पाठवते म्हणालीस, आणि त्या म्हणाल्या की आमच्याकडचा नोंदीचा नमुना देते, मला आठवण कर. तुझ्या मसुद्यात दोन्ही नाहीत आणि त्यांनी न मागितलेला बायोडेटा आहे. आधी आपलं वचन पुरं करायचं, मग त्यांच्या वचनाची हलकी आठवण द्यायची, हा क्रम उलटा करू नकोस. बायोडेटा काढून टाक. तो जोडला की वरचं सगळं बोलणं नोकरीसाठीच होतं असं वाटायला लागतं, आणि तसं ते नव्हतं. पुढे त्यांनीच विचारलं तर त्याच दिवशी पाठव.

फोटोबाबत मात्र एक थांबा आहे. तो पूल तुमच्या कंपनीच्या ग्राहकाचा आहे, त्याचा फोटो बाहेर पाठवायचा अधिकार तुझा एकटीचा नाही. सकाळी तुमच्या सरांना विचार. हो म्हणाले तर एकच फोटो, गेज आणि तडा जवळून दिसेल असा कापून, पुलाचा नाव-क्रमांक न दिसेल असा पाठव. फोनवरून थेट जोडलेला फोटो कित्येक एमबीचा असतो, तो आधी लहान कर. सर नाही म्हणाले तर तसं स्पष्ट लिही आणि हाताने काढलेलं एक रेखाचित्र जोड: तडा कोणत्या दिशेने गेला आहे, गेजच्या दोन पट्ट्या त्याच्या दोन बाजूंना कुठे बसवल्या आहेत, एवढं पुरे. परवानगी विचारून थांबलेली मुलगी त्या क्षेत्रातल्या माणसाला पटकन पटते.

विषयाच्या ओळीत तू "परिषदेत झालेल्या भेटीबाबत" लिहिलं आहेस. परिषदेला आलेल्या प्रत्येकाची ओळ तीच असणार. मोबाइलवर विषयाचे सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात, म्हणून ओळख पटवणारा शब्द आधी आणि परिषद नंतर.

मी एकदा लिहून पाहिलं. हे जसंच्या तसं उतरवू नकोस, तुझ्या शब्दांत आण:

> विषय: तड्याची नोंद आणि तापमान – शनिवारची परिषद
>
> नमस्कार मॅडम,
>
> शनिवारी दुपारच्या चहाच्या वेळी आपण जुन्या पुलांवरच्या क्रॅक गेजबद्दल बोललो होतो. तापमान लिहिल्याशिवाय तड्याच्या रीडिंगला अर्थ नाही, असं तुम्ही म्हणालात. परत आल्यावर आमचा तक्ता पाहिला, तर त्यात तापमानाचा रकाना नव्हता. आता तो घातला आहे आणि रीडिंग रोज सकाळी एकाच वेळी घ्यायचं ठरवलं आहे.
>
> एक गोष्ट मला नीट आठवत नाही. तापमान हवेचं घ्यावं की काँक्रीटच्या पृष्ठभागाचं, याबद्दल तुम्ही काय म्हणालात? आम्ही सध्या हवेचं घेत आहोत.
>
> कबूल केल्याप्रमाणे फोटो जोडला आहे. साइटवर विचारून पाठवत आहे. तुमच्याकडचा नोंदीचा नमुना सवडीने पाठवलात तर आमचा तक्ता त्याच्याशी ताडून पाहता येईल.

खाली तुझं पूर्ण नाव, हुद्दा, फोन नंबर. बस.

मधला प्रश्न मी मुद्दाम घातला आहे, पण तो खरोखर तुझ्या मनात असेल तरच ठेव. तू मला हे सांगताना तिथे अडखळली होतीस, म्हणून वाटलं. कामात असलेल्या माणसाला "आपलं मत कळवावं" याचं उत्तर लिहायला अर्धा तास हवा असतो, म्हणून ते राहूनच जातं. "हवेचं की पृष्ठभागाचं" याचं उत्तर रिक्षात बसूनही देता येतं. मात्र आठवत असताना आठवत नाही असं लिहायचं नाही. आणि जे आठवतं तेही त्यांच्या तोंडी वाढवून घालू नकोस. त्या "बहुतेक वेळा" म्हणाल्या असतील तर "नेहमी" करू नकोस. इंजिनिअरला आपलं वाक्य फुगवलेलं लगेच दिसतं.

या सगळ्याला नोंद हवी, आणि ती त्याच संध्याकाळी. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच निरर्थक अक्षरजोड्या पाठ करण्याचे प्रयोग केले आणि 1885 मध्ये ते प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सर्वांत झपाट्याने विसरलं जातं ते पहिल्या काही तासांत, मग तो वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. संभाषण म्हणजे अक्षरजोड्या नव्हेत, पण शब्दन् शब्द तसाच गळतो. दोन दिवसांनी "पुलांबद्दल काहीतरी छान बोलल्या" एवढंच उरतं, आणि मग माणूस "चर्चा उद्बोधक होती" असं लिहितो. पुढच्या वेळी सभागृहातून बाहेर पडल्यावर कार्डाच्या मागे तीन गोष्टी लिही: कुठे उभ्या होतात, त्यांचं एक वाक्य त्यांच्याच शब्दांत, आणि कोणी कोणाला काय देतो म्हटलं. कार्ड गुळगुळीत असेल तर फोनवर, पण लिही.

मेल उद्या दुपारपर्यंत जाऊ दे. त्यांच्या नावाचं स्पेलिंग कार्डावरून बघून घाल, ऐकलेल्या उच्चारावरून नको. त्या दिवशी भेटलेल्या बाकीच्यांनाही लिहिणार असलीस तर प्रत्येकाला वेगळी मेल, आणि ज्याच्याशी बोलण्यातलं काहीच आठवत नाही त्याला सध्या नको.

उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी स्वतःच्याच त्या मेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिही, म्हणजे जुनी मेल खाली तशीच राहील आणि त्यांना शोधावी लागणार नाही. विषयाची ओळ बदलू नकोस, नाहीतर बऱ्याच ठिकाणी ती वेगळी मेल म्हणून दिसते. "माझी मेल पाहिलीत का" असं विचारू नकोस. नमुन्याची आठवण कर, तेवढ्या काळात रीडिंगमध्ये काही दिसलं असेल तर ते एका ओळीत लिही. त्यानंतरही शांतता असेल तर तिसरी पाठवायची नाही.

पण थंडीतली रीडिंगं हातात आली, उन्हाळ्यातल्या आकड्यांशेजारी ती ठेवून पाहिलीस, की तेव्हा त्यांना नक्की लिही. त्यांनी आधी उत्तर दिलेलं असो वा नसो, तो तक्ता त्यांना पाहायला आवडेल.

सरांनी फोटोबद्दल काय सांगितलं ते मला संध्याकाळी कळव.

तुझी,
आई