लाल डोळा आणि बाहुली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोळे येण्याच्या साथीवरची आपली बातमी वाचली. ‘डोळा लाल झाला तरी घाबरू नका, आठवड्यात बरा होतो’ हा त्यातला सल्ला मात्र खटकला. डोळे आले असतील तर तो बरोबर आहे. पण लाल झालेला प्रत्येक डोळा ‘आलेला’ नसतो.

गेल्या पावसाळ्यात ५८ वर्षांच्या एक बाई माझ्याकडे आल्या. नातवाचे डोळे आले होते, त्यामुळे यांचा उजवा डोळा लाल झाल्यावर घरात कुणालाच शंका आली नाही. दुकानातून अँटिबायोटिक थेंब आणले. रात्री त्याच बाजूचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, तर त्या पित्तावर ढकलल्या. मी विचारलं, दिव्याकडे पाहिल्यावर काय दिसतं? म्हणाल्या, “भोवती रंगीत कडं दिसतं.” चिपडं अजिबात नव्हती. डावा डोळा झाकला तर समोरची बोटंही त्यांना मोजता येईनात. टॉर्च मारला तर बाहुली अर्धवट मोठी, किंचित लांबट आणि जागच्या जागी थिजलेली. डोळ्यातला दाब भरला ५४. एरवी तो २१ च्या आत असतो. हा अचानक उसळलेला काचबिंदू. दाब उतरवून दुसऱ्या दिवशी लेसर केलं आणि नजर बरीचशी परत आली. डाव्या डोळ्यालाही लेसर करून घेतलं, कारण डोळ्यातलं पाणी वाहून जायची तिथली वाटही तितकीच अरुंद होती.

डोळे येतात तेव्हा वाळू गेल्यासारखं खुपतं, सकाळी पापण्या चिकटतात, पण घाण पुसली की नीट दिसतं आणि बाहुली उजेडात झटकन आकसते.

युव्हिआयटिस म्हणजे आतली सूज, ती या दोन्हींच्या मधे बसते. दुखणं खोल, ठसठसणारं असतं आणि उजेड सोसत नाही. चांगल्या डोळ्यात टॉर्च मारला तरी आजारी डोळा दुखतो. नजर थोडी धूसर होते. बाहुली लहान असते, आणि कडा मागच्या भिंगाला चिकटली की वेडीवाकडी होते. ती सुटावी म्हणून आम्ही बाहुली मोठी करणारे थेंब घालतो. तेच थेंब वरच्या बाईंना घातले असते तर दाब आणखी चढला असता. म्हणून शेजाऱ्याची उरलेली बाटली वापरू नये; स्टेरॉइडची तर नाहीच.

सुरुवातीच्या युव्हिआयटिसमध्ये बाहुली सरळही दिसू शकते, आणि कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांच्या बुबुळावरची जखम टॉर्चने पाहूनही नजरेतून निसटू शकते. तेव्हा घरी एवढंच करा: एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरची तारीख वाचा. पुसूनही धूसर दिसलं, डोळा खोल दुखला किंवा दोन बाहुल्या सारख्या दिसल्या नाहीत, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. उलट्याही होत असतील तर रात्रीच निघा.

आपला,
तालुक्याच्या गावातला एक नेत्रतज्ज्ञ