लंगोट धुताना एक पाणी जास्त

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

पिल्लूचे फोटो नीट मोठे करून पाहिले. मांड्यांच्या घड्या स्वच्छ आहेत, लाली आहे ती कमरेला, लंगोटाची नाडी बसते तिथे, आणि पाठीवर झबल्याच्या शिवणीखाली. पाठीपर्यंत शू पोचत नाही. म्हणून मला वाटतं, कारण नुसत्या ओल्या लंगोटाचं नाही, कपड्यात राहून गेलेल्या साबणाचं असावं. घामोळं असतं तर बारीक पुरळ दिसलं असतं, आणि तेही मानेत, काखेत आधी.

खात्री करायला एक सोपी गोष्ट कर. धुऊन वाळवलेला एक लंगोट स्वच्छ बादलीत कोमट पाण्यात टाक आणि हाताने चांगला चोळ. त्यात साबण अजिबात घालायचा नाही. पाण्यावर फेस आला, किंवा कापड बोटांना बुळबुळीत लागलं, तर साबण निघालेला नाही हे उघड आहे. तसं झालं तर सगळे लंगोट, दुपटी आणि झबली मशीनमध्ये साबणाशिवाय गरम पाण्यात फिरव. फेस येईनासा होईपर्यंत दोनदा-तीनदा फिरवावं लागेल.

तुमच्याकडे हे होण्याचं कारण मला कळतंय. सोसायटीत बोअरचं पाणी येतं, ते जड. जड पाण्यात वडीचा साबण क्षारांशी मिळून चिकट साका धरतो आणि तो धाग्यांत अडकतो. मग लंगोट वाळल्यावर पापडासारखा कडक होतो. त्यासाठी वडी नको, बिनवासाचं सौम्य लिक्विड घे. पावडर थंड पाण्यात नीट विरघळत नाही, तिचे कण जाड कापडाच्या घड्यांत राहतात. शिवाय तुमचं मशीन समोरून उघडणारं. ते कपड्यांच्या वजनावर पाणी घेतं, आणि लंगोटांचा ढीग हलका असल्यामुळे खळबळायला पाणीही थोडंच घेतं. म्हणून 'एक्स्ट्रा रिन्स'चं बटण दरवेळी दाबायचं. पाणी वाया जातं म्हणून सूनबाई ते टाळते, हे मला ठाऊक आहे. इतर कपड्यांना टाळा, पिल्लूच्या कपड्यांना नको.

लिक्विडच्या झाकणावरचं पूर्ण माप भरलेल्या मशीनसाठी असतं. दिवसभराचे लंगोट आणि दुपटी मिळून दीड-दोन किलो भरतील, त्यांना त्याच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरुवात कर. पण फार कमीही करू नकोस. जड पाण्यात साबण कमी पडला की शू कापडात मुरते, जंतू तिच्यातून अमोनिया करतात आणि लंगोट पुन्हा ओला होताच नाकात झोंबणारा वास येतो. तोही त्वचेला वाईटच. धुतलेल्या कोरड्या लंगोटाला वास नाही आणि ओला होताच उग्र वास येतो, असं दिसलं तर साबण किंचित वाढव, पण त्याबरोबर खळबळणंही वाढव.

क्रम असा ठेव. शूचा लंगोट लगेच साध्या पाण्यातून काढून पिळून टाकायचा. शीचा असेल तर आधी शी काढून टाकायची आणि तो थंड पाण्याने धुवायचा, कारण गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग रोजच्या रोज ६० अंशांवर मशीन लाव. मोठ्यांचे कपडे त्यात मिसळू नकोस.

आता दोन गोष्टी बंद. वासाचं फॅब्रिक कंडिशनर नको. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि लंगोट पाणी शोषत नाही. वाळलेल्या लंगोटावर पाण्याचा थेंब टाकून बघ, तो तसाच मोत्यासारखा उभा राहिला तर थर चढलेला आहे. आणि शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाचे थेंब टाकायची आपल्याकडे सवय असते, तेही नको. ते कापडात राहतं आणि त्वचेला चावतं. निर्जंतुक करायचं काम गरम पाणी, कडक ऊन आणि इस्त्री करतात. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा इस्त्री करून पूर्ण कोरडा झालेलाच लंगोट बांधायचा. कडक वाटला तर तळहातांत चुरगाळायचा, मऊ होतो.

माझ्या ट्रंकेतल्या जुन्या सुती साड्यांची दुपटी पाठवतेय. त्यांत डांबरगोळ्या कधी नव्हत्या. इतर कुणी जुने कपडे दिले आणि त्यांना तो वास असेल, तर ते वापरूच नका. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ होते.

धुण्याची पद्धत बदलल्यावर चार-पाच दिवसांत लाली ओसरायला हवी. लंगोट वरचेवर बदलणं मात्र चालूच ठेवा. लाली घड्यांत शिरली, कडेला सुटे लाल ठिपके उठले, पाणी धरलं किंवा ताप आला, तर तो साबणाचा प्रश्न नाही. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि मलम त्यांनीच सांगितलेलं लावा.

बादलीतल्या पाण्याला फेस आला का, ते आज रात्री फोनवर सांग.

तुझी,
आई