रंगाचे पैसे वजनावर घ्या, वेणीच्या लांबीवर नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई तोंडावर आली की पार्लरच्या बिलांवरून कुरबुरी सुरू होतात. फलकावर एक दर असतो, उठताना हातात दुसराच आकडा पडतो आणि विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘तुमचे केस लांब आहेत ना, म्हणून.’ मी साताऱ्यात दोन खुर्च्यांचं छोटं पार्लर चालवते. ही तक्रार करणाऱ्या बायकांचं म्हणणं मला पटतं, आणि आमच्या व्यवसायातल्या भगिनींनी ते मनावर घ्यावं म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बहुतेक रेट कार्डांवर चार रकाने असतात: शॉर्ट, मीडियम, लाँग, एक्स्ट्रा लाँग. कापणी असो, रंग असो, सगळ्याला तेच चार रकाने. कापणीला ते लावणं तर मला कधीच समजलेलं नाही. कमरेपर्यंतच्या केसांचं सरळ ट्रिमिंग म्हणजे ओले केस विंचरून खालची दोन बोटं कापायची. सवयीच्या हाताला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. तेच मानेवर रुळणारा बॉब नीट बसवायचा तर एकेक सेक्शन काढून, दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा ताडून बघत पाऊण तास जातो. म्हणजे आखूड कापणीला मेहनत जास्त आणि आमच्या फलकावर तिचाच दर कमी! लांब केसांना खरा वेळ लागतो तो धुण्याला आणि ब्लो ड्रायला. मग कापणीचा दर कापणीच्या प्रकारावर ठेवावा, आणि हेअरवॉश व ब्लो ड्राय वेगळे लिहून त्यांना खुशाल लांबी लावावी. ज्या बाईला घरून केस धुऊन येऊन नुसते शेंडे कापून घ्यायचे आहेत, तिला वेणीचा दंड का?

रंगाचं गणित वेगळं आहे, कारण तिथे माल खर्च होतो. तो किती खर्च होईल हे लांबीइतकंच केसांच्या दाटपणावर अवलंबून असतं. कुरळे, कोरडे केस आणखी ओढून घेतात. शिवाय लांबी मोजायची कुठून, हाही प्रश्न आहेच. कुरळे केस ओले करून ताणले तर खांद्यावरचे पाठीच्या मध्यापर्यंत येतात. स्टेप कट असेल तर सगळ्यात लांब बट कमरेला टेकते, पण तिथे मूठभरही केस नसतात.

माझ्याकडे आलेल्या दोन ग्राहकांचा हिशोब मांडते. पहिल्या काकूंचे केस कमरेपर्यंत, पण विरळ. वेणी घातली की करंगळीएवढी. दुसरी कॉलेजात शिकवणारी, केस जेमतेम खांद्यापर्यंत, पण दाट आणि कुरळे. दोघींनाही पूर्ण केसांना एकच गडद तपकिरी रंग हवा होता. मी वापरते ती ट्यूब ६० ग्रॅमची असते आणि मला ३३० रुपयांना पडते. त्यात तेवढंच डेव्हलपर, म्हणजे रंगाची क्रिया सुरू करणारं मिश्रण, घालायचं असतं. काही कंपन्यांच्या रंगाला दीडपट लागतं आणि खूप फिक्या छटांना दुप्पट. डेव्हलपर त्यामानाने स्वस्त असल्यामुळे माझ्या रंगाचा खर्च डेव्हलपर धरून ग्रॅममागे साधारण ६ रुपये येतो. काकूंना ७० ग्रॅम रंग लागला, म्हणजे ४२० रुपयांचा माल. शिक्षिकेला ११० ग्रॅम लागला, म्हणजे ६६० रुपयांचा. तिचे सेक्शनही बारीक घ्यावे लागले, त्यामुळे अर्धा तास जास्त गेला.

आता नेहमीचा फलक लावून बघा. मीडियमला १८०० आणि लाँगला २८०० असा दर धरला, तर कमी माल आणि कमी वेळ घेणाऱ्या काकू हजार रुपये जास्त देतात. माझ्या पद्धतीने दोन तासांपर्यंतच्या कामाचे १०००, पुढच्या अर्ध्या तासाचे २०० आणि रंगाचे ग्रॅममागे ८ रुपये. काकूंचे झाले १५६०, शिक्षिकेचे २०८०. सहाचे आठ का, असं कोणी विचारलं तर तेही मी सांगते: बाउलला चिकटून राहणारा रंग, फारशा न खपणाऱ्या छटांच्या अर्धवट उघडलेल्या ट्यूब आणि हातमोजे, ब्रश, टॉवेलचा खर्च त्यात आहे.

शिंप्याकडे आपण कापडाचे पैसे वेगळे आणि शिलाई वेगळी देतो, तेव्हा कोणाला फसवल्यासारखं वाटत नाही. रंगाचंही तसंच लिहिलं की निम्मी भांडणं उरतच नाहीत.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो रूट टचअपमध्ये, आणि छोट्या गावातल्या पार्लरचं निम्मं काम तेच असतं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. दीड महिन्याने आलेल्या बाईच्या भांगात दीड-दोन सेंटिमीटरचा पांढरा पट्टा दिसतो. तो पट्टा बॉबवालीचा आणि लांब वेणीवालीचा सारखाच असतो. रंग फक्त त्या पट्ट्याला लावायचा, विरळ केसांना २५-३० ग्रॅम, दाट केसांना ४० च्या आसपास. वेणी गुडघ्यापर्यंत असली तरी ती या कामात येतच नाही, फक्त धुताना पाणी थोडं जास्त जातं. असं असताना रूट टचअपचेही चार रकाने कशासाठी?

काही ठिकाणी यावर तोड म्हणून दर वेळी रंग शेंड्यांपर्यंत ओढतात, म्हणजे ‘लाँग’चे पैसे घेता येतात. यात केसांचं नुकसान आहे. आधीच रंगलेल्या भागावर पुन्हा पुन्हा रंग चढत गेला की शेंडे काळेकुट्ट आणि निर्जीव दिसू लागतात, मुळांचा आणि टोकांचा रंग जुळेनासा होतो. मग पुढे कोणी ती छटा उजळायची म्हटली तर नुसता नवा फिका रंग लावून ती उजळत नाही. आधीचा रंग काढावा लागतो आणि त्याचा खर्च कितीतरी जास्त येतो. तुमची टोकं मुळांपेक्षा बरीच गडद दिसत असतील, तर हेच चाललं आहे का ते विचारा. शेंडे खरोखरच फिके पडले असतील तर शेवटची पाच-दहा मिनिटं तिथे थोडा रंग फिरवला तरी पुरतो.

दुसरी वाईट चाल म्हणजे अधेमधे काढलेली ‘एक्स्ट्रा ट्यूब’. अर्ध्या डोक्याला रंग लागला आहे, मागची बाजू कोरडी आहे, आणि तेव्हा सांगायचं, ‘मॅडम, अजून एक ट्यूब लागेल, त्याचे वेगळे होतील.’ त्या अवस्थेत ती बाई उठून जाणार कुठे? अंदाज चुकू शकतो, हे मला मान्य आहे. पहिल्यांदा आलेल्या ग्राहकाचे केस किती रंग पितील हे हात लावूनही दहा-वीस ग्रॅमने इकडेतिकडे होतं. म्हणून खुर्चीत बसवायच्या आधी दोन आकडे सांगावेत: अंदाजे इतका लागेल, आणि कितीही लागला तरी याच्यावर घेणार नाही. मी ते कागदावर लिहून आरशाच्या कडेला लावते.

रंग कालवताना बाउल काट्यावर ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा आणि ग्राहकाला दिसेल अशा बेताने ट्यूब पिळायची. सगळा रंग एकदम कालवू नये. पहिल्यांदा ४० ग्रॅम, तो संपत आला की पुढचा. डेव्हलपर मिसळल्यापासून रंगाची क्रिया सुरू होते. तासभर पडलेला रंग डोक्याला लावला तर तो नीट चढत नाही, पांढरे केस हट्टाने तसेच राहतात. आणि कालवलेला रंग उद्यासाठी ठेवताही येत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. थोडा थोडा कालवल्याने रंग चांगला बसतो आणि वाया कमी जातो. शेवटी बाउलमध्ये भरपूर उरला, तर तो माझ्या अंदाजाची चूक. त्याचे पैसे ग्राहकाकडून घेऊ नयेत.

काट्याबद्दल एक गोष्ट आमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत नसते. ग्रॅमवर पैसे घ्यायचे असतील तर स्वयंपाकघरातला काटा चालत नाही. वैधमापन कायद्यानुसार देवघेवीत वापरायचा काटा पडताळणी करून शिक्का मारलेला लागतो, किराणा दुकानात असतो तसा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्यावा, नाहीतर पाच-पाच ग्रॅमच्या उड्यांमध्ये हिशोबच बिघडतो.

माझ्याच क्षेत्रातल्या काही मैत्रिणी म्हणतात, एकदा ग्रॅम दाखवले की बायका ट्यूबची किंमत विचारतात आणि घासाघीस सुरू करतात. करतात, खरं आहे. काही जणी स्वतःची ट्यूब घेऊन येतात. त्यांना मी कामाचा दर दाखवते आणि तोच घेते, एक रुपया कमी नाही. उभ्याने केलेल्या दोन तासांच्या कामाची किंमत मालात लपवून ठेवली की माल स्वस्त झाल्यावर आपल्या कामाचीही किंमत कमी धरली जाते. ती उघड लिहिण्यात आपलाच मान आहे, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्याच कामांना वजन लावता येत नाही. हायलाइट्सला फॉइल किती लागले त्यावर दर ठेवणं सरळ पडतं. आधीच्या काळ्या मेंदीवर किंवा घरी लावलेल्या रंगावर दुरुस्ती करायची असेल तर आधी एका बटेवर करून बघावं आणि तासावर पैसे ठरवावेत. अशा केसाचा आकडा फोनवर विचारू नये आणि कोणी सांगूही नये.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेचा दर्जा, प्रमाण आणि किंमत जाणून घेणं हा ग्राहकाचा हक्क आहे. तेव्हा बुकिंग करतानाच विचारा: कामाचे किती, रंगाचे ग्रॅममागे किती, आणि जास्तीत जास्त किती होतील? बिलातही हे दोन आकडे वेगळे मागा. आणि ब्युटी पार्लरचे क्लास चालवणाऱ्यांना विनंती, की मुलींना चार रकान्यांचं रेट कार्ड पाठ करायला देण्याऐवजी पहिल्याच महिन्यात त्यांच्या हातात काटा द्या.

आपली,
एक पार्लरचालक वाचक, सातारा