‘सज्ञान’ खटल्याची मेख

महोदय,
आमच्या महाविद्यालयातील वादस्पर्धेत ‘गंभीर गुन्ह्यातील अल्पवयीनांवर सज्ञान म्हणून खटला चालवावा’ या विषयाचे पहिले भाषण ऐकले. विद्यार्थिनी तावातावाने बोलली, टाळ्याही पडल्या. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ही सोय आहेच, याचा उल्लेख नव्हता. १६ ते १८ वयोगटातील मुलाने ‘निर्घृण’ गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ त्याची प्राथमिक तपासणी करून प्रकरण सज्ञान म्हणून खटला चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकते.

खरी मेख ‘निर्घृण’च्या व्याख्येत आहे. त्यासाठी त्या गुन्ह्याला कायद्यात किमान सात वर्षांची शिक्षा लिहिलेली हवी. दिल्लीतील २०१६ च्या मर्सिडीज अपघातात चालक मुलाला अठरा वर्षांचा व्हायला जेमतेम काही दिवस बाकी होते. तेव्हाच्या भारतीय दंडविधानात सदोष मनुष्यवधाच्या कलम ३०४ खाली जन्मठेपही होऊ शकत होती, पण किमान शिक्षाच लिहिलेली नव्हती. म्हणून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा ‘निर्घृण’ नाही, ‘गंभीर’ ठरवला आणि सज्ञान म्हणून खटल्याचा मार्ग बंद झाला. विद्यार्थिनीच्या बाजूचा मी आहेच. पण तिने मागणी करायला हवी होती ती ही व्याख्या बदलण्याची. न्यायालयानेही तेव्हा संसदेकडेच बोट दाखवले होते.

– एक प्राध्यापक, सातारा