‘सेम सॉल्ट’ म्हणून आलेली गोळी : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीला राहते, आई चाळीसगावला. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला मी इथून मोबाइलवरून मागवते आणि त्या तिच्या दारात पोचतात. गेली तीन वर्षे हे बिनबोभाट चालले होते. म्हणूनच गेल्या महिन्यातला प्रकार तुमच्यापुढे तपशिलाने मांडते आहे.

तिला मेटोप्रोलॉल सक्सिनेट ५० मिलिग्रॅम, एक्सटेंडेड रिलीज, ही गोळी चालू आहे. म्हणजे औषध हळूहळू सुटत राहते आणि सकाळी एक घेतली की दिवसभर पुरते. मी ॲपवर चिठ्ठीचा फोटो टाकला. फोटोत वरची कड कापली गेली होती आणि तारीख दिसतच नव्हती, ही चूक माझीच. पण चार मिनिटांत ‘प्रिस्क्रिप्शन मंजूर’ असा निरोप आला. कायद्याप्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरांची सही आणि तारीख हवी. ती बघायला त्या चार मिनिटांत कोण बसले होते, हे मला अजून कळलेले नाही.

मग स्क्रीनवर आले : तुमची गोळी उपलब्ध नाही, सेम सॉल्टचा, म्हणजे त्याच क्षाराचा, पर्याय पाठवतो, बावीस रुपये वाचतील. शेजारच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली. मी ऑफिसला निघायच्या घाईत पुढचे बटण दाबले.

आईने फोनवर एवढेच विचारले, “गोळी लहान झाली गं, स्वस्त झाली का?” मी म्हटले, कंपनी बदलली असेल. आठवड्याभराने रात्री तिला धडधडायला लागले. घरातल्या मशीनवर रक्तदाब १६८/९६ आणि नाडी १०४ दिसली. सकाळी शेजारचे काका तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले, जाताना गोळ्यांची स्ट्रिपही सोबत नेली. डॉक्टरांनी स्ट्रिप उलटी केली आणि लगेच सांगितले, ही साधी मेटोप्रोलॉल टार्ट्रेट आहे. ती सहसा दिवसातून दोनदा घ्यायची असते. आई मात्र सवयीने सकाळी एकच घेत होती. दिवस मावळेपर्यंत औषधाचा जोर ओसरायचा आणि रात्र तशीच जायची.

आता यात गोंधळ कुठे होतो ते नीट पाहा, कारण तो नुसत्या निष्काळजीपणाचा नाही. आईच्या जुन्या, बरोबर गोळीच्या स्ट्रिपवर बारीक अक्षरात असे छापलेले असते : मेटोप्रोलॉल सक्सिनेट ४७.५ मिलिग्रॅम, म्हणजे मेटोप्रोलॉल टार्ट्रेट ५० मिलिग्रॅमच्या तुल्य. म्हणजे जी गोळी टार्ट्रेट नाही तिच्यावरही टार्ट्रेट हा शब्द आणि ५० हा आकडा आहेच! यादी जुळवणाऱ्या संगणकाला दोन्हीकडे ‘मेटोप्रोलॉल ५०’ दिसत असणार आणि तो ‘सेम सॉल्ट’ म्हणून मोकळा होत असणार. फरक सांगणारे शब्द दोनच, एक्सटेंडेड रिलीज किंवा प्रोलॉन्ग्ड रिलीज. ब्रँडच्या नावामागची ईआर, एक्सएल ही शेपटीही तेच सांगते. ती गळली की औषध बदलले असे समजावे.

मी जेनेरिकच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. माझे वडील जन औषधी केंद्रातल्याच गोळ्या घेत आणि त्यांना त्या छान लागू पडल्या. तोच क्षार, तीच मात्रा, तसेच सुटणारे औषध, फक्त कंपनी वेगळी, असा बदल एक. क्षार किंवा औषध सुटण्याची पद्धतच वेगळी, हा बदल दुसरा. ॲपवर दोन्हींना एकच शब्द आहे, पर्याय.

साहेब, याबाबतीत नियम नाही असेही नाही. औषध नियम १९४५ मधला नियम ६५(११ए) सांगतो की शेड्यूल एच किंवा एक्समधले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचे, औषध चिठ्ठीवर असेल, तर त्याच्या जागी विक्रेत्याने दुसरे काही देऊ नये, त्यात तोच घटक असो वा नसो. डॉक्टरांनी नुसते मूळ औषधाचे नाव लिहिले असेल तर कोणत्याही कंपनीचे देता येईल, पण ब्रँड लिहिला असेल तर परस्पर बदल नाही. आमच्या नाक्यावरचे मेडिकलवाले काका हे पाळतात. “हे नाही, डॉक्टरांना विचारून घ्या,” म्हणतात आणि कधीकधी स्वतःच फोन लावतात. ऑनलाइन औषधविक्रीसाठी केंद्राने २०१८ साली नियमांचा मसुदा काढला, तो मसुदाच राहिला. पण ॲपमागे जे दुकान औषध पाठवते त्याला परवाना राज्याच्या प्रशासनाचाच लागतो, म्हणजे तुमच्या खात्याचा. माझ्या बिलावर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका दुकानाचे नाव आणि परवाना क्रमांक होता. फार्मासिस्टच्या सहीच्या जागी न वाचता येणारा शिक्का होता आणि संपर्काला फक्त ॲपचा ग्राहकसेवा नंबर.

त्या नंबरवर मला सांगण्यात आले की तुम्ही पर्याय मान्य केला होता आणि स्ट्रिप वापरलेली आहे, त्यामुळे परत घेता येत नाही. मान्य केला होता, हे खरेच आहे. म्हणून तर पत्र लिहिते आहे.

तेव्हापासून आई काय करते ते सांगते. डिलिव्हरीचा मुलगा दारातच ओटीपी मागतो आणि ओटीपी दिला की ऑर्डर ‘पोचली’ अशी नोंद होते. आई त्याला म्हणते, “बाळा, दोन मिनिटं थांब, पाणी पी.” मग पिशवी फोडते आणि जुनी रिकामी स्ट्रिप नवीच्या शेजारी ठेवते. ब्रँडचे मोठे नाव ती बघतच नाही, त्याखालची बारीक ओळ वाचते : क्षार, मिलिग्रॅम, रिलीज. नंतर स्ट्रिपवरचा बॅच क्रमांक आणि मुदत बिलाशी जुळवते. कापलेली स्ट्रिप आली आणि नेमका तोच छापलेला कोपरा नसला तर घेत नाही. काही जुळले नाही तर ओटीपी देत नाही. पोरगा कुरकुरतो, पण आता ओळखीचा झालाय.

त्या आठवड्यात तिने एक गोष्ट मात्र बरोबर केली, गोळी एकदम बंद केली नाही. हे औषध अचानक थांबवले तर छातीत दुखणे वाढू शकते, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. साध्या गोळ्या आपल्या मनाने दोन करायच्या नाहीत, हेही बजावले आणि त्याच दिवशी योग्य गोळी गावातल्याच दुकानातून घ्यायला लावली.

माझ्या मागण्या तीनच आहेत. चिठ्ठीच्या औषधांवर ती आधीच खूण केलेली पर्यायाची चौकट चालणार नाही, असे तुमच्या खात्याने परवानाधारक दुकानांना लेखी कळवावे. औषध बदलायचे असेल तर ज्यांनी चिठ्ठी लिहिली त्या डॉक्टरांची संमती बिलासोबत यावी, ॲपने फोनवर जोडून दिलेल्या दुसऱ्याच कुणाची नाही. आणि बिलावर फार्मासिस्टचे वाचता येणारे नाव, नोंदणी क्रमांक आणि दुकानाचा स्वतःचा फोन असावा.

बिल, दोन्ही स्ट्रिपांचे फोटो आणि त्या मंजुरीच्या निरोपाची वेळ माझ्याकडे जपून ठेवली आहे. तुमच्या जिल्हा कार्यालयातून कुणी मागितले तर त्याच दिवशी पाठवीन.

आपली,
डोंबिवलीची एक मुलगी